इलाताईंचे अठरा मार्क

इला पांढरीपांडे या बाईशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. आणि मी पुण्याची आहे, म्हणजे वादाचा मला काही कमी सराव नाही.

इलाताई मूळच्या नागपूरच्या. तिथल्या एका कॉलेजात चौदा वर्षं अकाउंट्स शिकवलं, मग नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आल्या. मोहनकाका गाड्यांच्या कंपनीत इंजिनीयर होते, आता रिटायर झालेत. ताई मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही आमच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचे दोन वर्ग घेतात. मी, आश्लेषा, दिवसा एका गिअरच्या कंपनीत तिच्या पुण्याच्या प्लांटचे हिशेब बघते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच कॉलेजात एक वर्ग शिकवते. पगार म्हणाल तर पेट्रोल आणि कॉफी सुटते. पण शिकवायची खाज आहे, काय करणार!

ज्या शनिवारची ही गोष्ट आहे तो दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबरातला. आजही त्याची आठवण आली की मला बसल्या जागी उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात.

त्याआधीच्या सेमिस्टरला आमच्या विभागाने परीक्षेसाठी एक ऑनलाइन सिस्टिम घेतली होती. विद्यार्थ्याने गणित सोडवायचं, शेवटचं उत्तर चौकटीत टाकायचं. आकडा जुळला तर वीस पैकी वीस, नाही जुळला तर भोपळा. तपासायला माणूस नको, वेळ नको. विभागप्रमुख डग कोवाल्स्की खूश होता. डग माणूस वाईट नाही. फक्त भांडणांना फार घाबरतो, आणि मार्कांवरून विद्यार्थी भांडायला येतात याची त्याला धास्ती असते.

इलाताईंच्या वर्गात ब्रेंडा नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई होती. पार्ट्सच्या कारखान्यातून काढून टाकल्यावर हिय्या करून कॉलेजात आलेली. मशीनच्या घसाऱ्याचं, म्हणजे वापरापायी दरवर्षी उतरणाऱ्या किमतीचं, सात पायऱ्यांचं गणित तिने सोडवलं आणि पहिल्याच पायरीला चुकली. कामगारांना मशीन चालवायला शिकवण्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरायचा नसतो, तो तिने धरला. पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक. पण पहिला आकडा चुकला म्हटल्यावर शेवटचाही चुकणारच. सिस्टिमने शून्य दिलं. तेवढ्यावर ती कोर्सात नापास झाली.

ताईंनी तिचा रफ कागद मागवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी डगच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्या टेबलावर ठेवला.

"एक चूक केली हिने," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दंड सात वेळा घेतलात. हा कुठला न्याय?"

डगने नेहमीचं उत्तर दिलं. पायरीपायरीला मार्क द्यायचे म्हणजे माणसाच्या लहरीवर जायचं. दोन शिक्षक एकाच पेपरला दोन वेगळे मार्क देणार आणि मग रोज तक्रारी. मशीनचं तसं नाही, मशीन सगळ्यांना सारखंच वागवतं.

"सारखंच वाईट वागवतं," ताई म्हणाल्या.

महिनाभर त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी डगने हात टेकले आणि एक अट घातली. मिडटर्मला चारही वर्गांना तेच गणित कागदावर द्यायचं. इलाताईंनी त्याची मार्किंग स्कीम लिहायची, म्हणजे कुठल्या पायरीला किती मार्क, चुकलं तर किती कापायचे, सगळं आधी कागदावर. मग तीस पेपर नावं झाकून काढायचे आणि प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा, एकमेकांचे मार्क न बघता तपासायचा. तीसपैकी सत्तावीस पेपरांत दोघांच्या मार्कांत एकापेक्षा जास्त फरक पडला नाही, तर फायनलला हीच पद्धत. नाही जमलं, तर कायमचं मशीन, आणि विषय बंद.

ताई त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या त्या अशा, जणू लॉटरी लागली आहे. "आश्लेषा, करून टाकू! तपासायला तू, मी आणि मार्सी." मार्सी ही आमची तिसरी सहकारी. वीस वर्षं बँकेत काढलेली, कमी बोलणारी आणि नको इतकी नीटनेटकी.

"ताई, तीसातले सत्तावीस म्हणजे खूप झाले हो," मी म्हटलं.

"नागपूरला आम्ही दिवसाला चाळीस पेपर तपासायचो, वर मॉडरेटर बसलेला असायचा. पहिल्या वर्षी एका पोराला शेवटचा आकडा चुकला म्हणून मी शून्य दिलं, तर त्या मॉडरेटरनं माझा अख्खा गठ्ठा परत तपासायला लावला. दोनशे पेपर! तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. चूक एकदाच मोजायची."

पुढचे तीन रविवार आम्ही दोघी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसलो. तर्री पोहे, चहा आणि कागदच कागद. मोहनकाकांना अकाउंट्सचं ओ की ठो कळत नाही असं ताईंचं मत, म्हणून गणित सोडवून बघायला त्यांनाच बसवलं होतं. ते दर रविवारी सोडवायचे आणि दर रविवारी नवीन चूक करायचे. आम्हाला तेच हवं होतं.

गणित साधंच होतं. एका कंपनीने १ ऑक्टोबरला मशीन घेतलं. किंमत ९२,००० डॉलर, वाहतूक १,५००, बसवायचा खर्च २,५००, आणि कामगारांच्या ट्रेनिंगचे ३,०००, जे किमतीत धरायचे नाहीत. म्हणजे मशीन पडलं ९६,००० ला. पाच वर्षांनी भंगारात ६,००० येतील. उरलेले ९०,००० पाच वर्षांत सारखे वाटले की वर्षाचा घसारा १८,०००. कंपनीचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. पहिल्या वर्षी मशीन जितके महिने वापरलं तितक्याच महिन्यांचा घसारा धरायचा, नंतरची दोन वर्षं पूर्ण. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी मशीन ५३,००० ला विकलं. नफा की तोटा, किती, आणि त्याची जर्नल एन्ट्री, म्हणजे जमा-नावेची नोंद, लिहा.

ताईंनी वीस मार्क असे वाटले. मशीनच्या किमतीला चार, वर्षाच्या घसाऱ्याला चार. पहिल्या वर्षाच्या अपुऱ्या घसाऱ्याला तीन, त्यातला एक मार्क वर्षाचा आकडा बारांनी भागून महिन्यांनी गुणायचं सुचलं याचा, आणि दोन मार्क महिने बरोबर मोजले याचे. तीन वर्षांच्या साठलेल्या घसाऱ्याला तीन, पुस्तकी किमतीला, म्हणजे घसारा वजा जाऊन उरते तिला, दोन, नफातोट्याला दोन, एन्ट्रीला दोन. आणि वर ठळक अक्षरांत नियम: चूक जिथे झाली तिथेच कापा, पुढे विद्यार्थ्याचा स्वतःचा आकडा धरून तपासा. पण चुकीमुळे एखादी पायरी करावीच लागली नाही, तर त्या पायरीचे मार्क नाहीत.

हा शेवटचा नियम मोहनकाकांमुळे आला. त्यांनी एकदा पहिलं वर्ष सरळ पूर्णच धरलं आणि म्हणाले, "आता पुढचं माझ्या आकड्यावरून तपास, मला वीसातले वीस दे."

"गाळलेल्या पायरीचे तीन गेले. सतरा," ताई म्हणाल्या. काकांनी त्यावरून जेवणापर्यंत हुज्जत घातली.

विद्यार्थ्याचा आकडा धरून पुढचं तपासायचं म्हणजे प्रत्येक चुकीच्या आकड्याची नवी साखळी मांडायची. त्यासाठी मी एक स्प्रेडशीट केली. विद्यार्थ्याने काढलेली किंमत टाका, त्याने धरलेले महिने टाका, पुढचे सगळे आकडे आपोआप येतात. ताईंनी स्वतः सोडवलेलं उत्तर मी त्यात आधी भरून ठेवलं: ४५,००० साठलेला घसारा, ५१,००० पुस्तकी किंमत, २,००० नफा. सगळं एकमेकांशी जुळलं. एन्ट्रीच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

हुशार वाचकाने इथे कपाळावर हात मारला असेल. आम्ही नाही मारला.

शनिवारी सकाळी नऊला कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही जमलो. मार्सीने सायडर मिलवरचे, म्हणजे सफरचंदाचा रस काढतात तिथले, गरम डोनट आणले होते, ताईंनी चिवड्याचा डबा. डग कोपऱ्यात फळ्याजवळ बसला, हातात दोन रकान्यांचा कागद घेऊन. एरवी त्याच्याशी बोलताना टेबलावर हात आपटणाऱ्या ताई त्या दिवशी लग्नघरातल्यासारख्या लगबगीत होत्या. मलाही तीच नशा चढली होती. जमणार, आज जमणारच, असं आतून उसळत होतं.

आधी सरावाचे तीन पेपर सगळ्यांनी मिळून तपासायचे होते. मार्सीने पहिला उचलला. किंमत बरोबर, चार. वर्षाचा घसारा बरोबर, चार. मग ती थांबली.

"याने पहिल्या वर्षाला ४,५०० काढलेत. स्कीममध्ये ९,००० आहेत."

"महिने चुकवले. दोन कापा, एक द्या," ताई म्हणाल्या.

दुसरा पेपर. पुन्हा ४,५००. तिसरा. ४,५००.

"तिघांनीही तीच चूक केली?" मार्सीने विचारलं.

आणि इलाताई उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या म्हणजे आता लेक्चर येणार हे मला ठाऊक होतं. "ही फार कॉमन चूक आहे," त्या इंग्रजीत सुरू झाल्या. "हल्लीच्या मुलांना महिने मोजता येत नाहीत. फोन मोजून देतो ना सगळं! ऑक्टोबर ते वर्षअखेर सरळ अर्धं वर्ष होतं, पण बोटं मोजायची तसदी कोण घेणार?" मी पण मान डोलावत होते. अगदी जोरात डोलावत होते, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

मार्सीने उजव्या हाताची बोटं वर केली. "ऑक्टोबर," एक बोट. "नोव्हेंबर. डिसेंबर." तीन बोटं झाली आणि तिने हात तसाच धरून ठेवला.

"जानेवारी, फेब्रुवारी, मार्च," ताईंनी पुढे मोजलं. आणि मार्च म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला.

मार्च! अहो, मार्च! एकतीस मार्च! चौदा वर्षं नागपुरात मार्चअखेर शिकवलेली बाई, तिच्या हाताला वर्ष मार्चला संपायचीच सवय. मी दिवसभर पुण्याच्या प्लांटचा मार्चचाच हिशेब बघते. आणि मोहनकाकांनी तर भारतात नोकरी केली तेवढी वर्षं पगारावर मार्चअखेरची टॅक्सची कात्री सोसलेली. १ ऑक्टोबर म्हटलं की अर्धं वर्ष, हे आम्हा तिघांच्या रक्तात. गणितात ३१ डिसेंबर स्वच्छ छापलेलं होतं. ताईंनी स्वतःच छापलं होतं! तीन रविवार तीन मराठी माणसं त्या कागदावर वाकून बसली आणि एकालाही ते दिसलं नाही. एखादा मिशिगनचा शाळकरी पोरगा बसवला असता तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

खरं उत्तर होतं २,५०० तोटा. आमच्या स्कीममध्ये होता २,००० नफा.

डगने पेन खाली ठेवलं. तो चिडला नव्हता, हीच तर पंचाईत होती. चिडला असता तर ताईंना भांडता आलं असतं. तो अगदी हळुवारपणे म्हणाला, "इला, मला वाईट वाटतं. पण स्कीमच चुकीची असेल तर आपण काय तपासणार? माणसाच्या हाती दिलं की असंच होतं. हेच मी म्हणत होतो."

ताई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. लाजेने काळाठिक्कर पडलेला. ताईंची सगळी धडपड, तीन रविवार, आणि पुढच्या सगळ्या ब्रेंडा, सगळं एका मार्चपायी वाहून चाललं होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, डगचा कमी आणि स्वतःचा जास्त. स्प्रेडशीट माझी होती ना! मी तो सहाचा आकडा स्वतःच्या हाताने टाइप केला होता.

मग ताईंनी पर्समधून लाल पेन काढलं. स्वतःचं सोडवलेलं उत्तर पुढे ओढलं आणि ते तपासायला लागल्या.

"काय करताय?" मी मराठीत विचारलं.

"पेपर तपासतेय. गप बस."

किंमत बरोबर, चार. वर्षाचा घसारा, चार. पहिलं वर्ष: बारांनी भागलंय, एक. महिने चुकले, शून्य. साठलेला घसारा, स्वतःच्या आकड्यावरून बरोबर, तीन. पुस्तकी किंमत दोन, नफातोटा दोन, एन्ट्री दोन. त्यांनी बेरीज करून वर गोल काढला. अठरा.

मग तो कागद घेऊन त्या डगसमोर गेल्या. आवाज परत आला होता.

"डग, मी चुकले. कबूल. माझ्याच स्कीमने मला वीसातले अठरा मिळतात. आता हा बघ," त्यांनी सरावाचा पहिला पेपर पुढे केला. "हा मुलगा पूर्ण बरोबर आहे. माझ्या चुकीच्या स्कीमने याला किती मिळाले असते?"

डगने मोजलं. ४,५०० ला दोन कापले. पुढचं सगळं त्या मुलाच्या स्वतःच्या आकड्यावरून, म्हणून पूर्ण मार्क. "अठरा," तो म्हणाला.

"आणि हेच चुकीचं उत्तर मी तुझ्या मशीनमध्ये भरलं असतं तर? २,००० नफा?"

डगने त्या मुलाच्या पेपरातलं शेवटचं उत्तर शोधलं.

"शून्य!" ताई जवळजवळ ओरडल्या. "ज्याने ज्याने बरोबर सोडवलं त्या प्रत्येकाला शून्य! आणि का, ते कुणाला कळलंसुद्धा नसतं, कारण मशीन ४,५०० बघतच नाही. मार्सीने ते तिसऱ्या ओळीला पकडलं, कारण स्कीम तिला तिसरी ओळ वाचायला लावते. उत्तर भरणारा माणूसच असतो, डग. मशीनला उत्तर कोण शिकवतं? मीच ना? मार्चवाली!"

मार्सी हसली. ही बाई हसते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. "माझ्या मते हा मुद्दा आहे," ती म्हणाली.

डगने डोनट उचलला, अर्धा खाल्ला, छताकडे पाहिलं. "ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "दुरुस्त करा. पण अट तीच. सत्तावीस."

मी स्प्रेडशीटमध्ये सहाच्या जागी तीन टाकला. एकच चौकट! आणि खालची अख्खी साखळी डोळ्यांसमोर बदलली: ४०,५०० घसारा, ५५,५०० पुस्तकी किंमत, २,५०० तोटा. एन्ट्रीच्या दोन्ही बाजू जुळल्या. तरी या वेळी मार्सीने सगळं हाताने पुन्हा केलं, आणि मी तिला मनोमन नमस्कार केला.

मग तपासणी सुरू झाली. आम्हा तिघींच्याच आपसात तीन जोड्या, प्रत्येक जोडीला दहा पेपर. खोलीत फक्त पेनांचा आवाज. काय काय चुका होत्या! एकाने ऑक्टोबर दहावा महिना म्हणून बारातून दहा वजा करून दोनच महिने धरले होते. एकीने भंगाराची किंमत वजाच केली नव्हती. एकाने विक्रीची किंमत घसाऱ्यात मिळवली होती, का ते देवच जाणे. आणि बहुतेकांचं बाकीचं बरोबर होतं. हे बघताना मला दर पेपराला आनंदाचा धक्का बसत होता. या मुलांना येतंय हो! शून्याच्या आड इतकं सगळं दडलं होतं आणि आम्ही अख्खं सेमिस्टर ते पाहिलंच नव्हतं.

साडेअकराला डगने फळ्यावर दोन रकाने काढले आणि एकेक पेपर वाचायला घेतला. पहिला: १८ आणि १८. दुसरा: १४ आणि १५, चालतंय. तिसरा जुळला. चौथा: माझे ११, मार्सीचे १५.

गेला. चूक माझी. त्या विद्यार्थ्याची किंमत चुकली होती आणि मी घाईत पुढच्या पायरीलाही कापलं होतं. चूक एकदाच मोजायची, हे तीन आठवडे घोकून मीच दोनदा मोजली! ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चिवड्याच्या डब्यात तोंड घातलं.

अकरावा: १६ आणि १८. विद्यार्थ्याने एन्ट्री जुळवण्यासाठी रोख रक्कमच बदलली होती. ताईंनी एन्ट्रीला शून्य दिलं, मार्सीने दोन. दुसरा गेला. एकोणिसावा: खाडाखोड केलेला कागद. ताईंनी खालची पुसलेली बेरीज वाचून तीन दिले, मी वरची वाचून शून्य. तिसरा गेला.

तीनच जाणं परवडणार होतं. तीन गेले होते. अकरा उरले होते.

"आता एकही नाही," डग म्हणाला, आणि मी शपथेवर सांगते, त्याचाही आवाज ताणलेला होता. विसावा जुळला. एकविसावा, बाविसावा जुळले. ताई खुर्ची सोडून फळ्याला चिकटून उभ्या राहिल्या. चोविसावा: १२ आणि १३. सव्विसावा: १७ आणि १७. मार्सी टेबलाची कड धरून बसली होती. अठ्ठाविसावा जुळला. एकोणतिसावा: ९ आणि १०.

तिसावा पेपर ताई आणि मार्सीचा होता. डगने मार्सीचे मार्क लिहिले: १५. मग ताईंचा कागद उघडला आणि तो थांबला. मुद्दाम थांबला, लबाड!

"सोळा."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. ताईंनी मार्सीला मिठी मारली, मार्सीने चक्क मारू दिली. डगने फळ्यावर मोठ्ठा सत्तावीस लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि हात पुढे केला. "फायनलला तुमची पद्धत," तो म्हणाला. "पण स्कीम आधी मार्सी वाचणार."

"दोनदा वाचू दे," ताई म्हणाल्या. डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

जाता जाता डगने ताईंचं ते लाल पेनाने तपासलेलं उत्तर कचऱ्यात टाकायला उचललं. ताईंनी ते हिसकावून घेतलं. "हे फाइलला लाव. नवीन माणूस तपासायला आला की पहिला पेपर हाच द्यायचा. ज्याने अठरा दिले तोच पुढचे तपासणार."

आणि आता तसंच चालतं. गेल्या दोन वर्षांत सहा नवीन शिक्षकांनी तो पेपर तपासला. झेरॉक्सवर नाव आणि लाल पेनाचे मार्क झाकलेले असतात, पण ताई हटकून खोलीत हजर असतात. परवा परीक्षित नावाचा एक तरुण शिक्षक आला. दुसऱ्या राज्यातल्या ईडन प्रेरीहून नोकरी बदलून आलेला, आपलाच, मुंबईचा. त्याने मन लावून तपासलं आणि सतरा दिले. महिने चुकलेत, म्हणून पहिल्या वर्षाचे तिन्ही मार्क त्याने कापले होते.

ताई त्याच्याशी पंचवीस मिनिटं भांडल्या. स्कीम उघडून, त्या ओळीवर बोट ठेवून, मराठीत आणि इंग्रजीत. तो बिचारा शेवटी म्हणाला, "काकू, एका मार्कासाठी इतकं काय यार? ज्याने हा लिहिलाय त्याला कळणारपण नाही."

"मी लिहिलाय!" ताई कडाडल्या. "मार्च माझी चूक आहे, त्याचे दोन घे, खुशाल घे. पण बारांनी भागलंय मी. तो एक मार्क माझा आहे, तो मला दे!"

त्याने दिला.